मोठा चौकोन आधी

माझी आत्या घाबरली की चौकोन काढते. टेबलावर, उशीवर, गाडीच्या धुळकट काचेवर, जिथे हात पोचेल तिथे, बोटानं. आधी एक मोठा चौकोन. मग त्यात एक उभी रेघ, एक आडवी रेघ. झाल्या चार खोल्या. पण त्या सारख्या कधीच नसतात. मी एकदा तिची नक्कल करताना रेघा मधोमध मारल्या, तर चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मधोमध नाही गं. चाळीस मोठे असतात, सात लहान. सात आणि चाळीसला एकाच मापाची खोली दिलीस तर मूल काय शिकेल?"

मूल तिथे कुणी नव्हतं. मी होते, आणि मी दहावीत आहे. पण आत्याच्या डोक्यात चौतीस मुलं कायम बसलेली असतात.

आत्या पाचवीला शिकवते. वय सेहेचाळीस, चष्मा दोरीला, खडूचा डबा पर्समध्ये. राहते आमच्याच घरी, आतल्या खोलीत. माझी धाकटी बहीण तिच्याच वर्गात आहे आणि शाळेच्या फाटकातून आत पाय टाकला की तिला 'बाई' म्हणते, बाहेर पडलं की 'आत्या'. एकदा फाटकाच्या बरोबर मध्ये उभी राहून तिनं हाक मारली 'बात्या'. घरात तेच नाव पडलं असतं, पण आत्यानं नुसतं बघितलं. ती ओरडत नाही. "हं, मग?" एवढंच म्हणते. तिचं 'हं, मग' मला हुबेहूब जमतं, पण त्याचा परिणाम नाही जमत. तिच्या 'हं, मग'वर माणूस खरं बोलायला लागतो. माझ्या 'हं, मग'वर हसायला लागतो.

हीच मुलं तिच्याकडे तिसरीत आली. तिसरी, चौथी, पाचवी, ती त्यांच्याबरोबर वर वर सरकत गेली. कुणाचा कुठला दात कधी पडला तेही तिला ठाऊक. पुढच्या वर्षी मुलं मोठ्या इमारतीत जाणार आणि आत्या पुन्हा तिसरीत उतरणार. तोवर वर्ग तिचा. ही गोष्ट त्या 'तोवर'ची आहे.

आता गुणाकाराचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन अंकी संख्येला दोन अंकी संख्येनं गुणायचं, म्हणजे आपण सगळे काय करतो? एकाखाली एक मांडतो. आधी एककानं गुणतो, एक ओळ. मग दशकानं, दुसरी ओळ, आणि त्या ओळीत उजवीकडे एककाखाली फुली मारतो. मग बेरीज. फुली का? आत्या स्वतः पाचवीत असताना तिनं हे विचारलं होतं. तिच्या बाई म्हणाल्या, "मारायची म्हणून मारायची," आणि तिला तासभर दाराबाहेर उभं केलं. पुढे ती बाई झाली आणि सोळा वर्षं मुलांना सांगत राहिली, मारायची म्हणून मारायची. हे ती स्वतःच सांगते, आणि सांगताना चष्मा पुसते.

तीन वर्षांपूर्वी एका मुलानं पेपरात सगळीकडे फुल्या मारल्या. बेरजेत, वजाबाकीत, एका अंकाच्या गुणाकारातसुद्धा. आत्यानं विचारलं, असं का? तो म्हणाला, "बाई, फुली लावली की बरोबर येतं ना." त्या दिवशी आत्या न जेवता झोपली. तेव्हापासून तिनं ठरवलं की उभी मांडणी सगळ्यात शेवटी.

आधी चौकोन. ४७ गुणिले ३६ म्हणजे एक आयत, एका बाजूनं ४७, दुसऱ्या बाजूनं ३६. वरची बाजू फोडायची, ४० आणि ७. डावी बाजू फोडायची, ३० आणि ६. चार खोल्या. चाळीस तीसे बाराशे, सात तीसे दोनशे दहा, चाळीस सक दोनशे चाळीस, सात सक बेचाळीस. सगळ्यांची बेरीज सोळाशे ब्याण्णव. प्रत्येक खोलीत किती चौरस घरं मावतात ते मूल बघू शकतं, चौकटीच्या कागदावर मोजूही शकतं.

मग जाळी. इथे संख्या फोडायची नाही, नुसते अंक लिहायचे. वर ४ आणि ७, उजव्या कडेला ३ आणि ६. प्रत्येक घरात वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्याकडे तिरकी रेघ. अंकांचा गुणाकार त्या घरात लिहायचा, दशक रेघेच्या वर, एकक रेघेच्या खाली. मग तिरक्या पट्ट्यांची बेरीज, उजव्या कोपऱ्यापासून, हातचा आला तर डावीकडच्या पट्टीला. मुलं जाळीवर फिदा. कारण त्यात डोकं लागत नाही, आणि नेमकं त्याचंच आत्याला भय. म्हणून ती पट्ट्या रंगवून घ्यायची. एककाची पिवळी, दशकाची निळी, शतकाची लाल. आणि मध्येच बोट ठेवून विचारायची, "निळ्या पट्टीतला हा चार म्हणजे किती?" चार म्हणणाऱ्याला "हं, मग?" चाळीस म्हटल्यावर सुटका.

महिनाभर हे चालू होतं. उभी मांडणी अजून आलीच नव्हती. आणि त्या सोमवारी कागद आला.

कागद म्हणजे तक्रार. खाली अकरा पालकांच्या सह्या. पहिली सही फरशीवाल्यांची. ते घरोघरी फरशा बसवतात, भल्या मोठ्या आवाजाचा, गुडघे कायम सिमेंटनं पांढरे असलेला माणूस. त्यांची मुलगी इतकं हळू बोलते की वर्गात तिचं नाव कुजबूज. कागदात लिहिलं होतं की पाचवीची मुलं वह्यांत जाळ्या विणत आहेत, रंग भरत आहेत, आणि शेजारच्या वर्गातली मुलं चार ओळींत गणित करून खेळायला जातात.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांची नक्कल मी डोळे मिटून करते. आधी घसा साफ करायचा, मग चष्मा कपाळावर चढवायचा, मग तोच चष्मा टेबलावर शोधायचा. त्यांनी आत्याला बोलावलं. आत्यानं घरी येऊन सांगितलं आणि मी मोठ्या बाईंच्या आवाजात परत म्हणून दाखवलं, नेहमीसारखं, सगळे हसावेत म्हणून.

"तुमचा हेतू चांगला आहे हो. पण हेतूला मार्क नसतात. पुढच्या बुधवारी पालकांना वर्गात बसवू. त्यांच्यासमोर प्रत्येक मुलाला एक गणित. उभ्या मांडणीत. चौतीसपैकी तीस बरोबर आली पाहिजेत. नाही आली तर वर्ग शेजारच्या बाईंकडे. तुम्ही ग्रंथालय बघा."

कुणी हसलं नाही. आत्याचं बोट टेबलावर फिरत होतं.

"किती दिवस आहेत?" बाबांनी विचारलं. ते तिचे थोरले भाऊ.

"नऊ. रविवार धरून."

"मग सोड ना ते चौकोन. फुली शिकव आणि मोकळी हो. आमच्या वेळी कुठे होत्या खोल्या? तू गणित शिकवतेस की बंगला बांधतेस?"

"दादा, तुला सांग बरं, फुली का मारतात?"

"जागा धरून ठेवायला."

"कुणासाठी?"

"पाहुण्यांसाठी," मी म्हटलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. आत्या मात्र हसली नाही, आणि माझ्या विनोदावर ती हसली नाही की मला कळतं, पाणी गळ्यापर्यंत आलंय.

मंगळवारी तिनं हार मानली. हे ती कुणाला सांगत नाही, पण धाकटीनं सांगितलं. बाई वर्गात आल्या, फळ्यावरचा चौकोन पुसला आणि म्हणाल्या, "आजपासून उभी मांडणी. एककानं गुणा. खाली फुली. दशकानं गुणा. बेरीज करा." कुजबूजनं काहीतरी विचारलं, कुणालाच ऐकू गेलं नाही. बाईंनाही नाही, किंवा गेलं असेल.

मंगळ, बुध, गुरू, शुक्र. रोज वीस गणितं. घरी आत्या वह्यांचा गठ्ठा तपासायची आणि दर वहीमागे एक सुस्कारा. धाकटी माझ्यासमोर बसून भराभर करायची. आधी जीभ बाहेर काढून खोल्या रंगवायची, आता जीभ आत आणि पेन्सिल सुसाट. मला बरं वाटलं. वाटलं, चला, वाचलो.

शनिवारी आत्यानं सरावाची चाचणी घेतली. बावीस बरोबर. तीस हवीत, आहेत बावीस. पण तिच्या तोंडचं पाणी पळालं ते आकड्यानं नाही, धाकटीच्या वहीनं. ४७ गुणिले ३६. पहिली ओळ २८२. दुसरी ओळ १४१, फुली विसरलेली, सरळ खाली. बेरीज ४२३. खाली दोन रेघा, सुबक.

आत्यानं वही पुढे केली. "हे बघ बरं. पटतं?"

धाकटीनं पाहिलं. "हो."

"नीट बघ."

"सात सक बेचाळीस, हातचे चार, चार सक चोवीस आणि चार अठ्ठावीस. बरोबर आहे."

"गेल्या शनिवारी ह्याच गणितात तू मला काय सांगितलंस? डाव्या वरच्या खोलीत किती?"

"बाराशे," धाकटी म्हणाली. मग तिचं लक्ष खाली ४२३ कडे गेलं, आणि तिचे कान लाल झाले. "पण ते चौकोनाचं होतं ना. हे वेगळं आहे."

आत्यानं वही मिटली. 'हे वेगळं आहे' हे तीन शब्द ती रविवारभर मनात घोळवत असणार, कारण घरातल्या सगळ्या पसरट जागांवर चौकोन उमटले. पिठाच्या डब्याच्या झाकणावरसुद्धा. आई म्हणाली, "अहो वन्सं, निदान खायच्या वस्तू सोडा."

संध्याकाळी आत्या माझ्याजवळ येऊन बसली. "सांग, काय करू? दोन दिवस आहेत. अजून चाळीस गणितं घोटून घेतली तर कदाचित सत्तावीस येतील. कदाचित अठ्ठावीस. चौकोनाकडे परत गेले तर तीस येतील, नाहीतर पंधरा येतील."

मी पंधरा वर्षांची. मला काय कळतं? पण तिनं विचारलं होतं, म्हणून मी तिचंच तोंड करून तिलाच म्हटलं, "हं, मग?"

ती उठून आत गेली. रागावली असं वाटलं. मग चौकटीचे कागद कापल्याचा आवाज आला.

सोमवारी तिनं फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागात चौकोन काढला, उजव्या भागात उभी मांडणी. चौकोनाची वरची ओळ, तीसची, बाराशे आणि दोनशे दहा मिळून चौदाशे दहा. खालची ओळ, सहाची, दोनशे चाळीस आणि बेचाळीस मिळून दोनशे ब्याऐंशी. मग उजवीकडे बोट. उभ्या मांडणीतही दोनच ओळी. २८२ आणि १४१०. तीच दोन माणसं, फक्त खालची आधी आली. आणि फुली बंद. "आपण तीननं गुणत नाही, तीसनं गुणतो. तीसनं गुणलं की शेवटी शून्य येणारच. ते लिहा. फुली म्हणजे त्या शून्याचा बुरखा." धाकटीनं घरी येऊन हे वाक्य बाईंच्या आवाजात म्हणून दाखवलं. घराण्यातच आहे आमच्या.

आणि एक नवा नियम. गणिताला हात लावायच्या आधी समासात मोठ्या चौकोनाचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या खोलीचा, आकडा लिहायचा. नुसता तेवढा एकच. चाळीस तीसे बाराशे. उत्तर त्याच्यापेक्षा कमी आलं की समजायचं, काहीतरी हरवलंय. मुलांनी त्याला नाव दिलं 'मोठा चौकोन आधी', आणि मंगळवारी मधल्या सुट्टीत रांगेत घुसणाऱ्या एका पोराला मागच्यांनी तेच ऐकवलं.

बुधवार उजाडला. आई-बाबा दोघंही कामावर, आणि माझा वर्ग दुपारचा, म्हणून धाकटीची पालक म्हणून मी गेले. सहीच्या कागदावर नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहिलं तेव्हा शिपाईमामा म्हणाले, "तुमची प्रगती कशी आहे ते पण सांगा एकदा."

वर्ग कॉरिडॉरच्या टोकाला. दार नीट लागत नाही, म्हणून खाली घडी केलेला पुठ्ठा. मुलं पुढे, पालक मागच्या बाकांवर, गुडघे छातीशी घेऊन. फरशीवाले माझ्या शेजारी. ते खाली बघत होते. मला वाटलं लाजतायत, पण ते म्हणाले, "ही तिसरी फरशी पोकळ बसवलीय," आणि टाचेनं ठोकून दाखवली. खरंच पोकळ वाजली.

मोठ्या बाईंनी घसा साफ केला. "मुलांना चिठ्ठ्या देण्याआधी बाईंनी एक गणित फळ्यावर करून दाखवावं. पालकांनाही कळेल, अपेक्षा काय आहे ते. उभ्या मांडणीत. घ्या, अडुसष्ट गुणिले सत्तावन्न."

हे ठरलेलं नव्हतं. आत्यानं खडू घेतला. मला मागून तिचा हात दिसत होता. ६८ लिहिला, खाली ५७. घाईत सातला शेपूट आलं. आठ सत्ते छप्पन्न, हातचे पाच, सहा सत्ते बेचाळीस आणि पाच सत्तेचाळीस. ४७६. छान. मग खाली. आठ पंचे चाळीस, सहा पंचे तीस आणि चार. ३४०. आणि तिनं ते ३४० सरळ ४७६ च्या खाली लिहिलं. एक घर डावीकडे सरकवून नाही, तर सहाखाली शून्य, एककाखाली एकक, जणू दोन साध्या संख्यांची बेरीज आहे. त्या ३४० च्या शेवटी शून्य होतंच, आठ पंचे चाळीसमधलं. तिच्या घाबरलेल्या डोळ्याला वाटलं असणार, शून्य लिहून झालं. बेरीज. ८१६. खाली दोन रेघा.

मला चूक दिसली. आणि लगेच दुसरं कळलं, की पालकांपैकी कुणालाच कळलेलं नाही. फरशीवाले मान हलवत होते, "बघा, किती सुटसुटीत." मोठ्या बाईंचा चष्मा कपाळावर. त्या म्हणाल्या, "उत्तम." आत्यानं खडू ठेवला आणि पदरानं बोटं पुसली.

मग पुढच्या बाकांवरून आवाज यायला लागला. बोलण्याचा नाही, माश्या घोंगावतात तसा. एक मूल दुसऱ्याकडे वाकलं, दुसरं तिसऱ्याकडे. वह्यांच्या समासांत बहुतेक मुलांनी सवयीनं आकडा लिहून ठेवला होता. धाकटीनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे एवढे मोठे. घरची लाज की फळ्यावरचं गणित? मी तिला काहीच खुणावलं नाही.

हात वर केला कुजबूजनं.

"काय गं?" मोठ्या बाई म्हणाल्या.

ती काहीतरी बोलली.

"मोठ्यानं बोल, घरी कसं बोलतेस," मागून फरशीवाले गरजले. ती घरीही तशीच बोलते हे सगळ्या वर्गाला माहीत होतं.

"बाई," कुजबूज म्हणाली, आणि वर्ग इतका शांत होता की ऐकू आलं, "तीन हजार कुठे गेले?"

आत्या वळली. फळ्याकडे पाहिलं. साठ पन्नासे तीन हजार, आणि खाली ८१६. तिचा चेहरा त्या खडूसारखा झाला. मला वाटलं ती आता पटकन पुसेल, म्हणेल, मुद्दाम केलं होतं, तुमची परीक्षा. मी असते तर तेच केलं असतं, आणि आवाजही न कापता.

"माझ्याकडून हरवले," आत्या म्हणाली. "शोधून देतेस?"

कुजबूज फळ्यापाशी गेली. उंची पुरेना, म्हणून चौकोन खालीच काढला, बाकांच्या पातळीवर. साठ आणि आठ, रेघ मधोमध नाही. पन्नास आणि सात. तीन हजार, चारशे, चारशे वीस, छप्पन्न. वरच्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "ही पन्नासची ओळ. चौतीसशे. बाईंनी पाचनं गुणलंय." मग उभ्या मांडणीत जाऊन ३४० पुसलं, ३४०० लिहिलं, शेवटच्या शून्यावर जरा जास्तच दाबून. बेरीज केली. ३८७६. आणि जागेवर जाऊन बसली.

"आता काय बोलायचं," मागे एक बाई आपल्या शेजारणीला म्हणाल्या, हळू, पण कुजबूजपेक्षा मोठ्यानं. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

आत्याला ते ऐकू गेलं. तिचं बोट आपल्याच साडीवर फिरायला लागलं होतं.

फरशीवाल्यांनी मात्र वळून त्या बाईंना विचारलं, "तुम्हाला दिसलं होतं का?" त्यांनी मान फिरवली. "मलाही नाही," ते म्हणाले. "रोज खोल्या मोजतो मी."

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला, बहुतेक त्या दिवशी पहिल्यांदाच. "चिठ्ठ्या," त्या म्हणाल्या, आणि बाकी काही नाही. त्यांच्या आवाजावरून काही कळेना, आणि आवाजावरून कळणं हा तर माझा धंदा.

दहा मिनिटं. चौतीस पेन्सिली. मी श्वास मोजले, मग फरशा, मग पुन्हा श्वास. चिठ्ठ्या गोळा झाल्या. मोठ्या बाई एकेक बघत दोन गठ्ठे करत होत्या. डावा गठ्ठा वाढत गेला, उजव्यात एक, दोन, तीन, चार. शेवटची चिठ्ठी त्यांनी हातातच धरली.

"एकोणतीस," त्या म्हणाल्या. "आणि ही एक. उत्तर बरोबर आहे, पण मांडणी उभी नाही. जाळी आहे." त्यांनी नाव वाचलं.

धाकटी उभी राहिली.

मला कधी वाटलं नव्हतं की माझ्या बहिणीच्या उभं राहण्याचा मला इतका त्रास होईल. तीस हवी होती आणि तिसावी आमच्या घरातली.

"सांगितलं होतं ना, उभी मांडणी? केली का नाहीस?"

"केली होती, मोठ्या बाई." तिचा आवाज फाटला. "ती खोडली. जाळीच्या वर दिसेल."

मोठ्या बाईंनी चिठ्ठी खिडकीकडे धरली. गणित होतं ३८ गुणिले २४. समासात ६००. खाली उभी मांडणी, १५२ आणि ७६, बेरीज २२८, आणि त्यावर एक आडवी रेघ. त्याखाली जाळी, रंग नसलेली, घाईतली. ९१२.

"खोडली का?"

"दोनशे अठ्ठावीस सहाशेपेक्षा कमी आहे. म्हणून चुकलं हे कळलं. कुठे चुकलं ते घाईत कळेना. मग जाळीनं केलं. वेळ संपत होता."

मोठ्या बाईंनी फळ्याकडे पाहिलं, जिथे पुसलेल्या ३४० ची पांढुरकी सावली अजून दिसत होती. मग उजव्या गठ्ठ्यातल्या चार चिठ्ठ्या पुन्हा उचलून बघितल्या. "ह्या चौघांनी समासात काही लिहिलेलं नाही," त्या जणू स्वतःशीच म्हणाल्या.

त्यांनी धाकटीची चिठ्ठी डाव्या गठ्ठ्यावर ठेवली. "तीस."

फरशीवाले उठले, गुडघे झटकले. "सही मागे घ्यायला कुठे जायचं?" त्यांनी शिपाईमामांना विचारलं. मामा म्हणाले, असा अर्ज अजून कुणी केलेला नाही, वेगळा कागद आणावा लागेल. दहा सह्या तशाच राहिल्या. आडाचं बोलणाऱ्या बाई जाताना आत्याकडे न बघता गेल्या.

वर्ग रिकामा झाल्यावर मोठ्या बाई आत्याला म्हणाल्या, "वर्ग तुमच्याकडेच. घटक चाचणीला पुन्हा बघू. आणि एक करा हो, उभा गुणाकार असेल तेव्हा तुम्ही फळ्यावर जाऊ नका. मुलांना पाठवा." हे मी इतक्या वेळा म्हणून दाखवलंय की आता बाबाही म्हणतात.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलंच. "खरं सांग, मुद्दाम चुकलीस ना? पोरांची तयारी दाखवायला?"

"नाही रे दादा. खरंच विसरले."

"मग सांगायचं नाही कुणाला. मुद्दामच म्हण. किती छान गोष्ट होईल."

"गोष्ट छान होईल," आत्या म्हणाली. तिचं बोट टेबलावर होतं. "पण ती कुजबूज बोलली नसती तर? सगळे माना हलवत होते. 'उत्तम' म्हणाल्या होत्या त्या. माझ्या फळ्यावर आठशे सोळा लिहिलेलं राहिलं असतं, आणि मी खूश होऊन घरी आले असते."

धाकटी गृहपाठ करत होती. आत्याचं बोट थांबलं, मग पुन्हा फिरायला लागलं, पण या वेळी वेगळंच. चौकोन होता, पण त्याची एकच बाजू तिनं काढली होती, दुसरी मोकळी.

"हे काय?" मी विचारलं.

"भागाकार," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात. आत किती घरं ते माहीत आहे, एक बाजू माहीत आहे. दुसरी शोधायची." मग माझ्याकडे बघून, जरा भीतभीत, "जमेल का गं?"